कॉटमधून पलंगावर

लेकाला कठड्याच्या कॉटमधून पलंगावर कधी न्यायचं, हे आमच्याकडे कठड्यानेच ठरवलं. गादीखालची फळी सगळ्यात खालच्या खाचेत उतरवूनही उभ्या राहिलेल्या मुलाच्या छातीपर्यंतच कठडा येत असेल, तर ती कॉट आता त्याला आवरणार नाही असं समजावं. साधारण 90 सेंटीमीटर, म्हणजे 35 इंच उंची झाली की ही वेळ येते. कुणाचं मूल दीड वर्षाचं असताना तिथे पोचतं, कुणाचं तीन वर्षांचं झालं तरी पोचत नाही. मूल चढत नसेल आणि कॉटमध्ये सुखाने झोपत असेल, तर ते तीन वर्षांचं होईपर्यंत थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण 'झोप येईपर्यंत पलंगावरच राहायचं' ही गोष्ट दोन वर्षांच्या मुलाला कळते, पण पाळता येतेच असं नाही. आमच्या लेकाने श्रावणात दुसरा वाढदिवस केला आणि त्याच सुमारास उशीवर पाय ठेवून दुसरा पाय कठड्यावर टाकायला सुरुवात केली. इतक्या उंचीवरून डोक्यावर पडणं म्हणजे गंभीर इजा. त्या दिवशी कॉटमधली उशी, मोठी खेळणी, पायाखाली घेता येईल असं सगळं बाहेर काढलं, फळी एका खाचेने खाली नेली आणि सुताराकडे निरोप धाडला.

आम्ही वेंगुर्ल्यात राहतो. जुनं चिऱ्याचं घर, वर कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. हे सांगते कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शहरातल्या मैत्रिणींनी एकमुखाने सांगितलं होतं की पलंग करूच नको, जमिनीवर गादी टाक, पडायची भीतीच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा सल्ला खरोखर चांगला आहे. आमच्या सासूबाईंनी मात्र ऐकताक्षणी मान हलवली. "जमनीर निजवू नको हां. पावसाचे दिस आसत."

त्यांच्या त्या एका वाक्यात दोन कारणं होती. पहिलं कारण ओल. कोकणातल्या पावसाळ्यात जमिनीला टेकलेली गादी खालून श्वास घेत नाही. अंगाची ऊब वरून, जमिनीचा गारवा खालून, मध्ये दमट हवा. आठवडाभराने गादी उलटून बघितली तर खालच्या कापडावर काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. ती बुरशी. ज्या मुलाला सर्दीने छाती भरायची सवय आहे, त्याच्या नाकाखाली रात्रभर ती ठेवणं बरं नव्हे.

दुसरं कारण ओलीपेक्षा मोठं. मण्यार, जिला आमच्याकडे कांडार म्हणतात, रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना अंथरुणातच चावते. तिचा चावा फारसा दुखत नाही, कधीकधी खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि तोवर वेळ गेलेली असते. दोन वर्षांचं मूल तर काय झालं हे सांगूही शकणार नाही. लाल विंचवाचंही तसंच. त्याच्या दंशाने कोकणात पूर्वी कितीतरी लहान मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर ते चित्र पालटलं. औषध आहे, सर्पदंशावरचं प्रतिविषही मिळतं, तरी कौलारू घरात, तळमजल्यावर, तान्ह्याला जमिनीवर निजवायचं नाही, हे आमच्याकडे पूर्वीपासून ठरलेलं आहे आणि ते अगदी बरोबर आहे.

म्हणजे पलंग हवा, तो जमिनीपासून वर हवा आणि पडलं तर लागू नये इतका खालीही हवा. या दोन टोकांच्या मध्ये उंची शोधायची होती. सुतारकाका आले तेव्हा लेकाला त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी पट्टी त्याच्या गुडघ्याला लावली, मग मांडीला. शेवटी फळ्यांची उंची 9 इंच आणि त्यावर 4 इंचांची गादी असं ठरलं. एकूण 13 इंच. पोटावर आडवं होऊन, पाय मागे सोडून तो स्वतः उतरू शकतो आणि एक गुडघा टेकवून चढू शकतो. खाली केरसुणी पूर्ण फिरते, विजेरी मारली की मागच्या भिंतीपर्यंत दिसतं. हे दिसणं महत्त्वाचं. पलंगाखाली ड्रॉवर करून घ्यायचा मोह मला झाला होता, खेळणी ठेवायला किती सोय, पण अंधारी बंद जागा हीच विंचवाला हवी असते. ड्रॉवर रद्द झाला.

लांबी-रुंदीला मोठ्या माणसाचाच सिंगल, 6 फूट बाय 3 फूट. लहान मुलांचे मोटारगाडीच्या आकाराचे पलंग मिळतात, दिसतात गोड, पण दोन-तीन वर्षांत अपुरे पडतात आणि त्यांच्या मापाच्या चादरी इथल्या बाजारात मिळत नाहीत. शिवाय मोठ्या पलंगावर ताप आलेल्या रात्री मी शेजारी आडवी होऊ शकते. लाकूड आमच्याच परड्यातल्या फणसाचं. गेल्या वादळात मोडलेली फांदी कापून माळ्यावर ठेवलेली होती, चांगली सुकलेली. ताज्या कापलेल्या लाकडाचा पलंग केला तर सुकताना फळ्या आकसतात, पिळतात आणि सांधे सैल होतात. गादीखाली सलग प्लाय न ठोकता दोन-दोन इंच फट ठेवून पट्ट्या लावल्या, म्हणजे खालून वारा लागतो.

आता कडेचं. बाजारात कापडी जाळीचा सुटा कठडा मिळतो. त्याचे दोन लोखंडी हात गादीखाली सरकवायचे आणि गादीच्या वजनाने तो धरून राहायचा. हा कठडा दोन वर्षांपुढच्या, पलंगावर आपण होऊन चढउतार करणाऱ्या मुलांसाठीच असतो. त्याहून लहान मुलाला तो लावायचा नसतो. पण खरी अडचण आपल्या गाद्यांशी आहे. आपली कापसाची गादी हलकी, मऊ, कडेला दबणारी. तिच्याखाली सरकवलेले हात रात्री मुलाच्या रेट्याने हळूहळू बाहेर येतात आणि गादी व कठडा यांच्यात फट पडते. मुलाचं अंग त्या फटीत उतरतं आणि डोकं वर अडकतं. पडण्यापेक्षा हे कितीतरी भयंकर, कारण पडलेलं मूल रडतं आणि अडकलेल्याचा आवाज येत नाही. ज्यांनी असा कठडा घेतलाय त्यांनी रोज रात्री बाहेरच्या बाजूने तो ओढून बघावा आणि गादीच्या कडेला दोन बोटं घालून बघावीत. बोटं सहज गेली तर त्या रात्री तो वापरू नये.

आम्ही सुटा कठडा घेतलाच नाही. सुतारकाकांनी पलंगाच्या बाहेरच्या अंगाला गादीच्या वर 5 इंच येईल अशी फळी बोल्टने कायमची बसवली. डोक्यापासून निम्म्या लांबीपर्यंत. पायाकडची निम्मी बाजू मोकळी, चढउतारीसाठी. फळीची वरची कड गोल घासून घेतली. दुसऱ्या अंगाला भिंत असती तर फळी लागली नसती असं कुणालाही वाटेल, पण भिंतीला पलंग लावायचा तर अगदी चिकटून, बोटही जाणार नाही असा लावावा लागतो, आणि आमची चिऱ्याची भिंत पावसाळ्यात इतकी ओल धरते की तिला लावलेली गादी भिजल्यासारखी होते. म्हणून पलंग भिंतीपासून चांगला दीड फूट लांब, दोन्ही अंगांना तशीच फळी, फक्त उशाकडची बाजू भिंतीजवळ. दीड फुटात मूल पडलं तर जमिनीवर पडेल, अडकणार नाही. दोन्हीकडे जमिनीवर जाड घोंगडी अंथरतो, आणि ती रोज सकाळी झाडून उचलतो.

या फळीमुळे गादीचा प्रश्न आपोआप सुटला. चौकटीत गच्च बसणारी, कडेला न दबणारी गादी हवी होती, म्हणजे कापसाची नको. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली गादी मला फार आवडते, मी स्वतः तिच्यावरच झोपते, पण तिला मध्ये खळगा पडतो, कडा आत जातात, आणि पावसाळ्यात ती ओल शोषून जड होते. आम्ही काथ्याची घेतली, रबर मारून दाबलेली, 4 इंच जाड, पलंगाच्या मापाने कापून घेतलेली. नारळाच्या सोडणाचा काथ्या टणक राहतो आणि त्यातून हवा खेळते. लहान मुलाला गादी टणकच हवी. हाताचा पंजा दाबून उचलला की लगेच सपाट झाली पाहिजे.

गादीवरचे थर मी असे लावते. सगळ्यात खाली अभ्रा, मग पाणी न झिरपणारं, वरून सुती असलेलं मेणकापड, त्यावर सुती चादर. आणि त्यावर पुन्हा एकदा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री दोन वाजता शू झाली की वरचे दोन थर गुंडाळून कोपऱ्यात टाकायचे, खाली कोरडं अंथरूण तयार. दिवा लावावा लागत नाही, मूल पुरतं जागं होत नाही. काथ्याच्या गादीत शू मुरली तर कोकणातल्या जुलैत ती वाळायचं नाव घेत नाही, म्हणून मेणकापडाला इथे पर्याय नाही. चादरी निदान चार हव्यात, आणि पातळ हव्यात. जाड, गुबगुबीत छापील चादर दुकानात छान वाटते, पण पडवीतल्या दोरीवर ती तीन दिवस आंबट वास मारत लटकते. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं चादरीइतकंच चांगलं. मखमली ब्लँकेट कुणी दिलं तर ते बैठकीच्या खोलीत वापरावं. इथल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलाची मान त्याखाली घामाने भिजते.

उशी दोन वर्षांपर्यंत लागत नाही. पुढे द्यायची तर लहान आणि चपटी, डोकं टेकल्यावर जेमतेम दोन बोटं उंच राहील अशी. आजीने शेवरीच्या कापसाची करून दिली, आणि शिवण दुहेरी घातली, कारण ती उसवली तर तो भुरभुरीत कापूस थेट नाकात जातो.

यावर मच्छरदाणी. चार कोपऱ्यांना दांडे उभे करून चौकोनी, चारी बाजू गादीखाली खोचलेली. नुसती लोंबती सोडलेली मच्छरदाणी डासालाही अडवत नाही आणि मुलाच्या पायात गुंतते. नीट खोचलेली मच्छरदाणी डास तर अडवतेच, सरपटणाऱ्यालाही अंथरुणात शिरू देत नाही. बांधायच्या नाड्या आखूड कापल्या, मुलाच्या हाताला येणार नाहीत अशा. डेंगीचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेलाही ती लागते. लेकाला उतरायचं असलं की तो आतून जाळी उपसतो किंवा हाक मारतो. उपसली की ती पुन्हा खोचायची, हे आमचं काम.

हे सगळं गणपतीच्या आधी तयार झालं. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की चतुर्थीचाच मुहूर्त धरावा. मुंबईहून चाकरमानी येणार, घर भरलेलं, मुलाचं कौतुक करायला इतकी माणसं. मी ठाम नको म्हटलं. आरत्या आणि भजनं रात्री उशिरापर्यंत, खोलीत चार पाहुणे अंथरूण टाकून, जेवणाच्या वेळा वर-खाली. ज्या आठवड्यात मुलाची रोजची झोपच जागेवर नसते, त्या आठवड्यात तिची जागाही बदलायची नसते. त्याच कारणाने शू-शीची सवय लावणं, नवी बालवाडी, आईचं कामावर परत जाणं, यांपैकी काही चालू असेल तर पलंग थांबवावा. घरात दुसरं बाळ येणार असेल तर ते यायच्या निदान दोन महिने आधी मोठ्याला हलवावं, म्हणजे 'माझी कॉट बाळाने घेतली' असं त्याला वाटत नाही. आम्ही दसऱ्यानंतरचा आठवडा धरला. पाऊस सरलेला, ऊन कडक, गादी दोन दिवस अंगणात उन्हाला टाकून खडखडीत झालेली.

दोन वर्षांच्या मुलाला 'पुढच्या बुधवारी' म्हणजे काहीच कळत नाही. त्याला दिवस हाताला लागायला हवेत. म्हणून तोरण केलं. सुतळीचा एक जाड दोरा पलंगाच्या उशाला बांधला आणि रोज संध्याकाळी, खेळून हातपाय धुतल्यावर, आम्ही दोघं अंगणातल्या आंब्याचं एक पान आणायला जायचो. पान त्याने निवडायचं, मी दोऱ्यात ओवायचं, मग त्याने बोट लावून मोजायचं. पाच पानं झाली की तोरण पूर्ण, आणि त्या रात्री तिथे झोपायचं. पहिल्या पानाला त्याला यात काय आहे ते कळलं नव्हतं. तिसऱ्या पानाला तो स्वतः माझं बोट ओढत झाडाखाली गेला, वर बघत "ते, ते" करत अगदी उंचावरचं तांबूस कोवळं पान मागू लागला. पानांचा देठ चिकट असतो, चीक अंगाला लागला तर पुरळ येऊ शकतं, म्हणून देठ मी खुडायची आणि पुसून पान त्याच्या हातात द्यायची. दर पानाबरोबर एक छोटं काम असायचं. एका संध्याकाळी चादर निवडणं, एका संध्याकाळी सुतारकाकांसारखी फळी पुसणं, एका संध्याकाळी बाहुल्याला पलंगावर झोपवून बघणं.

चादर त्याने निवडावी असं मला वाटत होतं, पण दुकानात नेऊन नव्हे. दुकानातल्या शंभर चादरींसमोर मूल गोंधळतं आणि शेवटी ज्या चादरीवर कार्टून आहे ती मागतं, मग ती टेरिलिनची का असेना. मी आधी दोन आणून ठेवल्या, दोन्ही पातळ सुती, दोन्ही मला चालतील अशा. एकीवर होड्या, एकीवर निळे मासे. दोन्ही जमिनीवर पसरल्या. तो आधी होड्यांवर बसला, मग मासे बघितले, एकेका माशावर हात ठेवत "बांगडा, बांगडा" म्हणत शेवटपर्यंत गेला. मासे ठरले. त्यानंतर ती चादर मी धुवायला टाकली तरी त्याला चौकशी असायची. जे आपण निवडलं त्यावर झोपायला मूल आपण होऊन जातं, त्याला ओढावं लागत नाही.

भेटवस्तू तीनच असाव्यात असं आम्ही घरात सांगून टाकलं, आणि तिन्ही पलंगावर राहणाऱ्या. आजीची गोधडी पहिली. तिच्या दोन जुन्या पातळांच्या मध्ये लेकाच्या आजोबांचं धोतर, सगळं हाताने धावदोरा घालून. दोरा जवळजवळ घातलेला, कारण टाके लांब असले की मुलाच्या पायाची बोटं त्यात अडकतात. आकार मुद्दाम लहान, मुलाच्या छातीपासून पायांखाली जाईल एवढाच, म्हणजे तोंडावर येत नाही.

दुसरी भेट मामाची, विजेरी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि रात्रीचा दिवा अचानक विझला की नव्या जागेत मूल घाबरतं. मामाने आधी बोटाएवढी चकचकीत विजेरी पाठवली होती. तिच्यात गोल चपटे सेल होते, बटणासारखे, आणि झाकण नखाने उघडत होतं. ती मी परत पाठवली. ते सेल मुलाने गिळले तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजतं. मग मोठे पेन्सिल सेल असलेली आली, झाकण स्क्रूने बंद होणारी. ती पलंगाच्या फळीला कापडी पिशवीत अडकवलेली असते.

तिसरी आम्हा दोघांची, सावंतवाडीची. चितारआळीत लाकडी रंगीत फळं मिळतात, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. टोपलीतली सगळी फळं घ्यावीशी वाटतात, पण लहान फळं तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती द्यायची नाहीत. सोपी कसोटी अशी की सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जी वस्तू आत जाईल ती मुलाच्या घशातही अडकू शकते. आम्ही आंबा, केळं आणि एक मोठं सीताफळ घेतलं, देठ बसवलेला आहे की डिंकाने चिकटवलाय ते ओढून बघितलं, रंग ओल्या फडक्याने घासून बघितला. फडक्याला रंग लागला तर ती वस्तू शोभेची, तोंडात घालणाऱ्या मुलाची नव्हे. ही फळं निजताना पलंगावरून टोपलीत जातात, कारण झोपेत कडक लाकूड कपाळाखाली येऊ नये.

भेटी एकदम दिल्या नाहीत, आणि रात्री तर नाहीच. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नवीन पलंगाचा सोहळा संध्याकाळी करून लगेच 'आता झोप' म्हटलं की मूल झोपणार नाही, त्याचं अंग खेळायला तयार झालेलं असतं. उत्साहाचं सगळं दुपारी उरकायचं. पाचवं पान आम्ही त्या दिवशी सकाळीच ओवलं. अकरा वाजता आजीने पलंगाला हळदकुंकू लावलं, लेकाला त्यावर बसवून ओवाळलं, पायाशी नारळ ठेवला. गोधडी तेव्हाच दिली. मग जेवण, आणि पहिली झोप दुपारचीच, खिडकी उघडी, उजेड असताना, मी शेजारी. उजेडात नव्या जागेची ओळख होते. विजेरी दुसऱ्या दिवशी आणि फळं त्यानंतर, दोन्ही सकाळी.

रात्री मात्र काहीच नवं केलं नाही. तेच आंघोळीचं पाणी, तेच दूध, दात घासणं, तीच अंगाई, त्याच क्रमाने, त्याच वेळी. कॉटमधली जुनी, न धुतलेली दुपटीही उशाशी ठेवली. तिला कॉटचा वास होता. भेटीला 'इथे झोपलास तर मिळेल' असं कधी जोडलं नाही. तसं जोडलं की चौथ्या रात्री मूल विचारतं, आज काय देणार?

पहिल्या काही रात्री इतक्या सुरळीत गेल्या की सासरे म्हणाले, उगाच इतका विचार केलास. मी वाट बघत होते. नवेपणा ओसरल्यावर मुलाला शोध लागतो की आता कठडा नाही, आपण उठून जाऊ शकतो, आणि मग तो येतो. आमचा लेक मच्छरदाणी उपसून, फरशीवर पाय आपटत, स्वयंपाकघराच्या दारात येऊन हसत उभा राहायचा. ते हसू बघून कुणालाही त्याला कडेवर घ्यावंसं वाटेल. आम्ही ठरवलेलं होतं. हात धरायचा, पलंगाशी न्यायचं, "झोपायची वेळ झाली" इतकंच म्हणायचं, जाळी खोचायची, निघायचं. दिवा नाही, गोष्ट नाही, रागावणं नाही. दर खेपेला तेच वाक्य, त्याच आवाजात, मग न्यायला मी असो की त्याचे बाबा. एकाने गंमत केली आणि दुसऱ्याने दटावलं की हा खेळ महिनाभर चालतो. आमच्याकडे तो लवकर विरला.

पण मूल उठून चालू लागतं म्हणजे कॉटचं काम आता खोलीने करायला हवं. आम्ही गुडघे टेकून, त्याच्या उंचीवरून खोली फिरलो. कपाट भिंतीला पट्टी ठोकून घट्ट केलं, कारण मूल उघड्या ड्रॉवरवर पायरीसारखं चढतं आणि कपाट अंगावर येतं. पलंग खिडकीपासून लांब. माळ्याची शिडी काढून ठेवली. खोलीच्या दाराला कमरेएवढं जाळीचं फाटक लावलं. दाराला बाहेरून कडी घालणं मला मान्य नाही, आग लागली किंवा मूल घाबरलं तर ते आत कोंडलेलं असतं. आणि मागच्या दाराला माझ्या डोक्याच्या उंचीवर दुसरी कडी, विहिरीवर लोखंडी जाळी. विहिरीची जाळी पलंगाच्या आधी बसली पाहिजे, आणि ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी यात एका दिवसाचीही सवलत घेऊ नये.

काही मुलांना हे सगळं करूनही जमत नाही. दोन-तीन आठवडे झाले तरी झोपायला तासतास लागतोय, रात्री पूर्वीपेक्षा जास्त वेळा जाग येतेय, दिवसभर मूल किरकिरतंय, तर ते अजून तयार नाही. अशा वेळी ते कठड्यावर चढत नसेल तर खुशाल कॉट परत लावावी आणि काही महिन्यांनी पुन्हा पानं ओवावीत. चढणाऱ्या मुलाला मात्र कॉटमध्ये परत टाकता येत नाही. मग त्याच्या खोलीत आपलं अंथरूण न्यावं आणि ते रोज थोडं थोडं दाराकडे सरकवावं.

आमची कॉट काही दिवस त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. तो दिवसा जाऊन तिच्यात बाहुला झोपवायचा. मग एका सकाळी आम्ही तिघांनी मिळून तिचे स्क्रू काढले, स्क्रू त्याने वाटीत जमवले. नणंदेला शिमग्याच्या सुमारास बाळ होणार आहे, तिच्याकडे ती जाणार. द्यायच्या आधी मी दांड्यांमधली फट मोजली. ती 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. जुन्या घरगुती पाळण्यांत ही फट हमखास मोठी असते. आमची साडेपाच भरली. एक दांडा मात्र खालच्या सांध्यात हलत होता, तो सुतारकाकांनी बसवून दिल्यावरच ती गाडीवर चढवली. लेकाने स्क्रूंची वाटी आत्याच्या हातात स्वतः दिली आणि तिला पलंगावरचे बांगडे दाखवायला घेऊन गेला.